विवरणपत्राच्या दिवशी आजारी पडल्यास टीम लीडला काय कळवावे

प्रश्न: मी चाकणमधल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात आहे. आज २० तारीख, जीएसटीआर-३बी भरायचे आहे आणि रात्रीपासून अंगात १०२ ताप आहे. टीम लीड मॅडमना व्हॉट्सॲपवर नेमके काय लिहू? कोणकोणती कामे सांगू, आणि दिवसभर फोन उचलत राहावे लागेल का?

उत्तर:

दिवसभर फोन उचलत राहण्याची गरज नाही. मात्र त्यासाठी सकाळचा एक संदेश नीट लिहिलेला असावा लागतो. मी अनेक वर्षे लेखा विभागाची टीम सांभाळतो आहे आणि असे संदेश मला नेहमी येतात, म्हणून ते वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. संदेश उघडल्यावर मी तीन गोष्टी शोधतो. ही व्यक्ती आज अजिबात काम करणार नाही का, आजच झाले पाहिजे असे काय आहे आणि ते कुठवर आले आहे, आणि मला काही विचारायचे झाले तर किती वाजता विचारता येईल. आजाराचे वर्णन मी शेवटी वाचतो, आणि खरे सांगायचे तर त्याची मला फारशी गरज नसते.

प्रथम वेळेविषयी. २० तारखेला मॅडम कार्यालयात पोचण्यापूर्वी, म्हणजे साधारण साडेआठच्या आत, संदेश गेलेला असावा. त्यामुळे काम कोणाला द्यायचे याचा विचार त्यांना वाटेतच करता येतो. दहा वाजता आलेला संदेश वाचला जाईपर्यंत सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात आणि मग कोणाला तरी अर्ध्यातून उठवावे लागते. संदेश मॅडमना स्वतंत्र पाठवावा. टीमच्या ग्रुपवर ‘आज मी रजेवर आहे’ एवढी एकच ओळ पुरे, कारण ग्रुपवर मोठा संदेश टाकला की त्याखाली ‘काळजी घ्या’ची रांग लागते आणि चलनाची रक्कम शोधण्यासाठी मॅडमना वर सरकत बसावे लागते. अर्ध्या तासात संदेश वाचल्याची खूण दिसली नाही, तर एक फोन करावा. त्यांनी फोन उचलला नाही, तर शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला फोन करून ‘मॅडमना माझा संदेश पाहायला सांग’ असे सांगावे. आवाजी संदेश पाठवू नये. त्यातली फाइल, रक्कम आणि वेळ पुन्हा पाहायची झाली की दर वेळी तो पहिल्यापासून ऐकावा लागतो.

आता कामांविषयी, कारण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. ताप असताना मन घाबरलेले असते आणि हातातली सगळी कामे लिहून टाकावीशी वाटतात. आठ कामांची यादी मिळाली की टीम लीडला त्यातले तातडीचे कोणते हे कळत नाही आणि ते विचारण्यासाठी तुम्हालाच फोन करावा लागतो. म्हणून प्रत्येक कामाला एकच कसोटी लावावी: हे आज झाले नाही, तर उद्या सकाळी पैशाचे, मालाचे किंवा बाहेरच्या कोणाचे नुकसान होते का? या कसोटीवर लेखा विभागात २० तारखेला सहसा एक-दोनच कामे टिकतात. ३बी अर्थातच टिकते. ते उशिरा भरले तर करदेयता असलेल्या विवरणपत्राला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते आणि रोखीने भरायच्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागते. एका दिवसाचे शुल्क मोठे नाही हे खरे, पण तारीख चुकली ही गोष्ट कंपनीच्या नोंदीत राहते आणि बँक किंवा मोठा ग्राहक ती पाहतो. याउलट पुरवठादारांच्या खात्यांची जुळवणी कितीही दिवस रेंगाळलेली असली, तरी ती आणखी दोन दिवस थांबू शकते.

तातडीचे काम सांगताना ‘३बी बाकी आहे, प्लीज बघून घ्या’ असे लिहिले की मला त्यातून काहीच कळत नाही. ३बीचे काम टप्प्याटप्प्याने होते. १४ तारखेला पोर्टलवर २बी येते, तिच्याशी खरेदीची नोंदवही जुळवायची, क्रेडिट ठरवायचे, पोर्टलवर आकडे भरून सेव्ह करायचे, चलन तयार करायचे, बँकेतून पैसे भरायचे आणि शेवटी संचालकांच्या डिजिटल सहीने विवरणपत्र दाखल करायचे. तुम्ही यातल्या कोणत्या पायरीवर थांबला आहात हे एका वाक्यात लिहिले, तर तुमच्या जागी बसणारी व्यक्ती पुढच्या पायरीपासून सुरुवात करू शकते. नाहीतर तुम्ही केलेले काम बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी ती पुन्हा पहिल्यापासून जुळवणी करत बसते आणि त्यात दुपार उलटते. २० तारखेला संध्याकाळी पोर्टल किती संथ होते हे या कामात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून दुपार गेली की खरी अडचण सुरू होते.

कामाच्या स्थितीबरोबर आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक म्हणजे ते काम दुसरे कोण करू शकते. येथे ‘कोणीही करेल’ हे उत्तर सहसा खरे नसते. बँकेच्या कंपनी खात्यात व्यवहार एक जण नोंदवतो आणि दुसरा मंजूर करतो. नोंद करण्याचा अधिकार फक्त तुमच्याकडे आणि स्नेहाकडे आहे असे समजा, तर स्नेहाचे नाव संदेशात यायलाच हवे. दुसरी गोष्ट म्हणजे न घेतलेला निर्णय. समजा, एका पुरवठादाराची दोन बिले २बीमध्ये दिसत नाहीत आणि त्यांच्या क्रेडिटचे काय करायचे हे तुमच्या मनात आहे, पण शीटमध्ये लिहिलेले नाही. बसणाऱ्या व्यक्तीला ती बिले खरेदीच्या नोंदवहीत दिसतील आणि तुम्ही ती विसरलात असे वाटून ती क्रेडिट धरून मोकळी होईल. २बीमध्ये नसलेल्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे ही चूक पुढे व्याजासह परत करावी लागेल. म्हणून निर्णय घेतला असेल तर तो लिहावा, आणि घेतला नसेल तर तुमचे मत लिहून शेवटचा शब्द मॅडमवर सोडावा.

दुसरे तातडीचे काम म्हणून मी मुद्दाम असे उदाहरण घेतो, ज्यात लवकर करणे हेही चुकीचे आहे. चाकणहून हैदराबादला निघालेल्या गाडीचे ई-वे बिल १७ तारखेला केले. अंतर सहाशे किलोमीटरच्या आत आहे आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने तीन दिवस मिळतात. पहिला दिवस दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्री संपतो असे मोजत असल्यामुळे बिलाची मुदत २० तारखेच्या रात्री १२ वाजता संपते. गाडी सोलापूरजवळ बंद पडली आहे आणि आज पोचणार नाही. मुदतवाढ बिल संपण्याच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंतच करता येते, म्हणजे आज दुपारी ४ पासून उद्या सकाळी ८ पर्यंत. शिवाय बिलावर ट्रान्सपोर्टरचे नाव असेल, तर ती त्यानेच करायची असते. तुमच्या लॉगिनमधून ती होत नाही. सकाळच्या संदेशात तुम्ही केवळ ‘हैदराबादच्या ई-वे बिलाची मुदत वाढवा’ असे लिहिले, तर स्नेहा दहा वाजता प्रयत्न करील, पोर्टल नकार देईल, आणि ती तुम्हाला फोन करील किंवा ‘होत नाही’ म्हणून सोडून देईल. दुसरी शक्यता अधिक वाईट आहे. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडवली गेली, तर मालावरील कराच्या दुपटीइतका दंड भरण्याची वेळ येऊ शकते. म्हणून या कामात ‘४ च्या आधी होत नाही’ आणि ‘ट्रान्सपोर्टरने करायचे आहे’ हे दोन तपशील नसतील, तर ते काम सांगितले असे म्हणता येत नाही.

हे सगळे एकत्र केले की संदेश साधारण असा होतो:

‘मॅडम, रात्रीपासून मला १०२ ताप आहे. आज मी येऊ शकत नाही आणि घरूनही काम करू शकणार नाही. आज थांबू न शकणारी कामे दोन आहेत.

१) ऑगस्टचे ३बी. जुळवणी पूर्ण झाली आहे, पोर्टलवर आकडे सेव्ह केले आहेत, चलन तयार आहे (रु. ४,८६,२००). पैसे भरणे आणि दाखल करणे बाकी आहे. शीट शेअर्ड ड्राइव्हवर जीएसटीच्या फोल्डरमध्ये ‘ऑगस्ट अंतिम’ या नावाने आहे, तुम्ही परवा पाहिलेलीच. बँकेत नोंद स्नेहा करू शकते, मंजुरी तुमची. सहीचे टोकन साहेबांच्या कपाटात आहे. साहेब ३ वाजता बाहेर जाणार आहेत, म्हणून दाखल करणे त्याआधी व्हावे. एका पुरवठादाराची दोन बिले २बीमध्ये नाहीत, त्यांचे क्रेडिट मी मुद्दाम धरलेले नाही. शीटमध्ये ती पिवळी केली आहेत.

२) हैदराबादच्या गाडीचे ई-वे बिल आज रात्री १२ ला संपते, गाडी सोलापूरजवळ बंद आहे. मुदतवाढ दुपारी ४ च्या आधी होत नाही आणि ती ट्रान्सपोर्टरनेच करायची आहे. स्नेहाने ४ वाजता त्यांना फोन करून नव्या मुदतीचे बिल मागवावे. त्यांचा नंबर डिस्पॅच शीटमध्ये आहे.

बाकी सर्व उद्यापर्यंत थांबू शकते. लेजर जुळवणी अर्धवट आहे, ती कोणी उघडू नये.

मी १० ते १२ डॉक्टरांकडे असेन. १२.३० ते १.३० आणि ४.३० ते ५ या वेळात फोन उचलेन, बाकी वेळ औषध घेऊन झोपलेला असेन. उद्याचे आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवतो.’

संदेश लांब वाटेल, पण तो वाचायला मिनिटभर लागते आणि त्यानंतर दिवसभरात एखादाच फोन येतो. ‘घरूनही काम करू शकणार नाही’ हे वाक्य बहुतेकांना लिहवत नाही. त्याऐवजी ‘जमेल तसे घरून बघतो’ असे लिहिले जाते, आणि टीम लीड म्हणून मला सर्वांत जास्त अडचण या वाक्याची होते. मग मी ते काम दुसऱ्याला द्यावे की नाही? दिले, तर एकाच विवरणपत्रावर दोघे जण काम करत आहेत असे होऊ शकते. नाही दिले, तर दुपारी दोनला कळते की तुम्ही झोपला होता. खरोखर थोडे काम करता येणार असेल, तर नेमके कोणते ते लिहावे, उदाहरणार्थ ‘१२.३० ला चलनाची रक्कम तपासून सांगेन, बाकी काही करणार नाही’.

उपलब्ध असण्याच्या वेळा मी वर अशाच कशाही घातलेल्या नाहीत. १२.३० ते १.३० ही वेळ ३बीसाठी आहे. सकाळी कोणी शीट उघडली आणि शंका आली, तर साहेब बाहेर पडण्यापूर्वी दीड तास हातात ठेवून तिचे उत्तर मिळते. ४.३० ची वेळ ई-वे बिलासाठी आहे, कारण ४ ला ट्रान्सपोर्टरला फोन गेल्यावर काही अडले तर ते अर्ध्या तासात समजते. वेळा स्वतःच्या सोयीने न ठरवता कामाच्या वेळापत्रकावरून ठरवल्या, की दोन छोट्या खिडक्याही पुरतात. ‘फोनवर आहे, कधीही कॉल करा’ असे लिहिणाऱ्याला लोक खरोखर कधीही कॉल करतात, आणि तापाच्या औषधाच्या गुंगीत दिलेले उत्तर नंतर कोणालाच नीट आठवत नाही. दिलेली वेळ मात्र पाळावी लागते. डॉक्टरांकडे रांग लांबली आणि १२.३० ला फोन उचलता येणार नसेल, तर ‘वेळ १.३० ते २ अशी समजावी’ एवढी ओळ आधी टाकावी. खिडकी न पाळणाऱ्या व्यक्तीला पुढच्या वेळी खिडकीबाहेर फोन येतात, आणि त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

यातही एक अडचण राहते, आणि अलीकडे ती वाढली आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सर्वच करदात्यांना लॉगिनसाठी पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो, आणि तो त्या लॉगिनशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. विभागात सगळे जण तुमचेच लॉगिन वापरत असतील, तर आजच्या प्रत्येक नव्या डिस्पॅचच्या वेळी ओटीपीसाठी तुम्हाला उठवले जाईल, मग संदेशात वेळा कितीही नीट लिहिलेल्या असोत. यावर उपाय पोर्टलवरच आहे. मुख्य लॉगिनमधून स्नेहासाठी उपवापरकर्ता तयार करता येतो आणि तिचा ओटीपी तिच्याच मोबाइलवर येतो. हे तब्येत बरी असतानाच करून ठेवावे. आज ते झालेले नसेल, तर संदेशात प्रामाणिकपणे एक ओळ वाढवावी: ‘नव्या ई-वे बिलांचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो, म्हणून आजच्या गाड्यांची बिले शक्यतो १२.३० ते १.३० मध्ये एकत्र करावीत.’ डिस्पॅचवाल्यांना हे आवडणार नाही, पण दर गाडीला फोन होण्यापेक्षा ते बरे.

ओटीपीची सोय म्हणून पासवर्ड संदेशात लिहून पाठवणे हा मार्ग कधीच घेऊ नये. बँकेचा पासवर्ड तर मॅडमनाही देऊ नये, कारण नोंद करणारा आणि मंजूर करणारा वेगळा ठेवण्याचा सगळा हेतूच त्याने संपतो आणि नंतर काही गडबड झाली तर नोंद तुमच्या नावावर दिसते. सहीच्या टोकनाचेही तसेच आहे. ते कुठे आहे हे सांगणे तुमचे काम आहे, त्याचा पिन घालणे साहेबांचे. टोकन चुकून तुमच्या बॅगेतून घरी आलेले असेल, तर तो संदेशाचा पहिला मुद्दा व्हायला हवा, कारण ते कार्यालयात पोचवायला माणूस पाठवावा लागेल आणि तुमच्या घरून चाकणला पोचायला तास-दीड तास सहज जातो.

आजाराविषयी किती लिहावे, हाही प्रश्न मला अनेक जण विचारतात. ‘ताप आहे’ एवढे पुरते. पोटाच्या तक्रारींचे वर्णन, थर्मामीटरचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या यांची पहिल्या दिवशी गरज नसते, आणि टीम लीडने त्या मागूही नयेत. अपवाद एकच आहे. डोळे आले असतील किंवा दुसऱ्याला लागू शकणारा आजार असेल, तर ते स्पष्ट सांगावे, कारण काल तुमच्या कीबोर्डवर बसलेल्या सहकाऱ्याला ते माहीत असणे गरजेचे आहे. माफी मागण्यातही शब्द घालवू नयेत. २० तारखेला आजारी पडल्याबद्दल तीन ओळींची दिलगिरी वाचताना मी मनात ‘पण चलन कुठे आहे?’ असेच म्हणत असतो.

एखाद्या दिवशी एवढा संदेश लिहिण्याचीही ताकद नसते. तेव्हा ‘ताप आहे, येत नाही. ३बी दाखल करणे बाकी, हैदराबादचे ई-वे बिल रात्री १२ ला संपते. तपशील १२ नंतर’ एवढेच पाठवावे, किंवा घरातल्या कोणाला तरी मॅडमशी बोलायला सांगावे. मोडक्या संदेशातही अंतिम वेळ असली, की टीम लीड बाकीचे शोधून काढतो.

संध्याकाळी सहाचा संदेश चुकवू नये. त्यात उद्या येणार की नाही, आणि नाही तर उद्याची अंतिम वेळ असलेले काही काम आहे का, एवढेच असावे. ‘सकाळी बघून सांगतो’ असे लिहिण्यापेक्षा ‘उद्या येणार नाही असे धरून चालावे, बरे वाटले तर सकाळी कळवतो’ असे लिहिले, तर मॅडमना स्नेहाचा उद्याचा दिवस आजच ठरवता येतो. सकाळचा संदेश म्हणजे रजेचा अर्ज नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. कंपनीच्या रजेच्या पोर्टलवर नोंद वेगळी करावी लागते, आणि कार्यालयात परतल्या दिवशीच ती केली नाही तर पगाराच्या वेळी तो दिवस बिनपगारी दिसतो आणि मग मनुष्यबळ विभागाशी पत्रव्यवहार सुरू होतो. आजार दोन दिवसांपेक्षा जास्त लांबेल असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्यांच्याकडून प्रमाणपत्र त्याच भेटीत मागून घ्यावे. बरे झाल्यावर मागच्या तारखेचे प्रमाणपत्र मागायला गेले, तर अनेक डॉक्टर ते देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.